भावाखालचा भाजक

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न पाठवावेत, ही आपल्या व्याख्यानमालेची जुनी रीत. व्याख्यानाच्या तयारीला आम्हांस आठवडा मिळतो, चिठ्ठीला मात्र उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते. म्हणूनच वक्त्याची खरी परीक्षा या चिठ्ठ्या घेतात. मागे एकदा शेअरबाजाराच्या इतिहासावर आम्ही बोललो, तेव्हा तीन चिठ्ठ्या आल्या. पहिलीत होते, "माझा शेअर काल हजार रुपयांचा होता, आज पाचशेचा झाला. कंपनी म्हणते विभाजन केले. माझे पाचशे गेले कोठे?" दुसरीत होते, "निर्देशांक वर गेला म्हणतात, म्हणजे नेमके काय वर गेले?" तिसरी चिठ्ठी जरा रागातच लिहिलेली होती. "नव्या शेअरविक्रीत बोली आम्ही लावायची आणि किंमत ठरवणार दुसराच. मग बोली कशाला?"

त्या दिवशी घाईत आम्ही तिन्ही प्रश्नांची उत्तरे निरनिराळी दिली. पुढे विचार करता ध्यानात आले की, हे तिन्ही प्रश्न मुळात एकाच ठिकाणचे आहेत. शेअरचा भाव म्हणून जो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तो एका अपूर्णांकाचे उत्तर असतो. वर अंशाच्या जागी साऱ्या कंपनीची किंमत आणि खाली भाजकाच्या जागी शेअरांची संख्या. आपण उत्तर वाचतो आणि भाजकाकडे पाहावयाचे विसरतो. बाजाराच्या इतिहासात या भाजकाने मोठमोठ्या शहाण्यांना चकवले आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम पहिली चिठ्ठी घेऊ. २०२३ सालच्या जून महिन्यात टायर बनविणाऱ्या एम. आर. एफ. या कंपनीच्या एका शेअरचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. एका कागदाला लाख रुपये! त्याच सुमारास रिलायन्स इंडस्ट्रीजचा शेअर अडीच हजारांच्या आसपास होता. ज्याला बाजार ठाऊक नाही तो म्हणेल, पहिली कंपनी दुसरीच्या चाळीसपट मोठी. पण एम. आर. एफ.चे शेअर होते सुमारे बेचाळीस लाख, आणि रिलायन्सचे सुमारे सहाशे शहात्तर कोटी. गुणाकार करून पाहा. पहिल्या कंपनीची बाजारातली किंमत निघते बेचाळीस हजार कोटींच्या आसपास आणि दुसरीची जवळजवळ सतरा लाख कोटी. म्हणजे जिचा शेअर चाळीसपट महाग, ती कंपनी दुसरीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी. एम. आर. एफ.ने कित्येक दशके शेअरांचे विभाजन केले नाही, भाजक लहानच ठेवला, एवढेच त्या लाखामागचे गुपित.

विभाजन म्हणजे दर्शनी किंमत मोडून तिचे लहान तुकडे करणे. दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरऐवजी पाच रुपयांचे दोन शेअर दिले, की ज्याच्याकडे शंभर होते त्याच्याकडे दोनशे होतात आणि ठरलेल्या दिवशी बाजार उघडताना भाव सुमारे निम्म्याने सुरू होतो. कंपनीच्या तिजोरीत एक पैसाही येत नाही की जात नाही. मोठी नोट मोडून निम्म्या किमतीच्या दोन घेतल्या, तर गृहिणी काही मुलांना 'आज घरात पैसा वाढला' असे सांगत नाही आणि गेला म्हणून रडतही नाही. चिठ्ठीवाल्या गृहस्थांचे पाचशे रुपये कोठेही गेले नव्हते. ते त्यांच्याच खात्यात दुसऱ्या शेअरच्या रूपाने बसले होते, फक्त तो शेअर खात्यावर दिसायला दोन-चार दिवस लागले. विभाजनानंतर जुन्या खरेदीची किंमतही त्याच प्रमाणात भागून वहीत लिहावी लागते. ते न केल्याने विक्रीच्या वेळी नफ्याचा तोटा आणि तोट्याचा नफा मांडलेल्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत.

मग कंपन्या हा उपद्व्याप करतातच कशासाठी? पूर्वी याला सबळ कारण होते. कागदी शेअरांच्या काळात शेअर सुटे विकले जात नसत. पन्नास किंवा शंभरांचा गठ्ठा करून व्यवहार होई. शेअर दोन हजारांचा झाला की पन्नासांच्या गठ्ठ्याला लाख रुपये पडत, आणि मध्यमवर्गीय माणसाला दार बंद होई. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर कागदावरून संगणकातल्या खात्यात गेले, पुढे एकेक शेअरही विकत घेता येऊ लागला, आणि हे कारण बरेचसे निकामी झाले. उरले ते मानसिक कारण. शंभर रुपयांची वस्तू स्वस्त व हजाराची महाग वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, मग ती वस्तू किती का असेना.

परंतु विभाजनाच्या बातमीने भाव चढतो, हे तर साऱ्यांनी पाहिलेले असते. त्याचे काय? या प्रश्नाचा छडा १९६९ साली अमेरिकेत चार अभ्यासकांनी लावला: फामा, फिशर, जेन्सन आणि रोल. १९२७ ते १९५९ या काळात न्यूयॉर्कच्या बाजारात झालेली नऊशे चाळीस विभाजने त्यांनी एकत्र केली, आणि प्रत्येक शेअर विभाजनाच्या आधी व नंतर एकूण बाजाराच्या तुलनेने कसा चालला हे महिन्यामहिन्याने मांडले. त्यांना असे आढळले की विभाजनाआधीचे महिने हे शेअर बाजारापेक्षा जोरात धावत होते. विभाजन झाल्यावर मात्र ते सरासरीने बाजाराबरोबरच चालले. चढ नंतरचा नव्हे, अगोदरचा होता. ज्या कंपनीची भरभराट होते तिचा भाव चढतो आणि म्हणून ती विभाजन करते. लोक कारण आणि कार्य उलटे लावतात. विभाजनानंतर ज्यांनी लाभांश वाढवला त्यांचा चढ टिकला, ज्यांनी तो घटवला त्यांचा ओसरला. बाजार विभाजनाला दाद देत नव्हता. विभाजनामागे वाढत्या लाभांशाचे आश्वासन आहे असे समजून तो आगाऊ किंमत देत होता.

आता दुसरी चिठ्ठी. निर्देशांकाच्या इतिहासात विभाजनाने घातलेला घोळ फार बोधप्रद आहे. चार्ल्स डाऊ या पत्रकाराने २६ मे १८९६ रोजी बारा कारखानी कंपन्यांचे भाव घेतले, त्यांची बेरीज केली, बाराने भागले आणि ४०.९४ हा आकडा छापला. शाळकरी मुलाला येईल असे सरासरीचे गणित. पण कंपन्या विभाजन करू लागल्या आणि हे गणित कोलमडले. ते कसे, हे तीन काल्पनिक कंपन्यांवरून पाहू. भाव समजा तीनशे, साठ आणि चाळीस. बेरीज चारशे, तिनाने भागून सरासरी सुमारे १३३. आता पहिल्या कंपनीने एकाचे तीन शेअर केले. तिचा भाव झाला शंभर. बेरीज दोनशे आणि सरासरी सुमारे ६७. बाजारात कोणाचे काहीही बुडालेले नाही आणि सरासरी मात्र एका रात्रीत निम्मी!

आरंभी यावर उपाय असा होता की विभाजित शेअरचा भाव तितक्या पटीने गुणून बेरजेत धरावयाचा. १९२८ साली सरासरीतल्या कंपन्या तीस झाल्या, तेव्हा ही कटकट सोडून नवी युक्ती काढण्यात आली. भाव जसे असतील तसे घ्यावेत आणि भाजकच बदलावा. आमच्या उदाहरणात बेरीज दोनशे झाली आणि सरासरी १३३ च राहिली पाहिजे, तर भाजक तीनऐवजी दीड करावयाचा. डाऊच्या तीस कंपन्यांचा भाजक त्या वर्षी सुमारे १६.६७ ठरला. त्यानंतर प्रत्येक विभाजनागणिक तो घसरत गेला, एकाच्याही खाली आला. ज्या भाजकाने भागल्यावर उत्तर वाढते त्याला भाजक म्हणावे की गुणक, असा प्रश्न एखाद्या व्युत्पन्न श्रोत्याने विचारला तर आम्ही हात जोडू.

ही युक्ती सोपी खरी, पण तिच्यात एक खोच आहे. वरच्याच उदाहरणात विभाजनापूर्वी पहिली कंपनी दहा टक्क्यांनी चढली असती, तर तीस रुपये वाढून, तिनाने भागून, सरासरी दहा अंकांनी वर गेली असती. विभाजनानंतर तीच कंपनी तितकीच चढली तर वाढ दहा रुपयांची आणि भाजक दीड. सरासरी चढते पावणेसात अंकांच्या आतच. उलट साठ रुपयांच्या दुसऱ्या कंपनीने काहीही केलेले नसता तिचे वजन दुप्पट झाले. तिच्या दहा टक्क्यांनी पूर्वी दोन अंक हलत, आता चार हलतात. एका कंपनीने आपल्या नोटा मोडल्या आणि शेजारणीचा आवाज मोठा झाला.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ॲपल कंपनीने एकाचे चार शेअर केले. आदल्या शुक्रवारी तिचा भाव ४९९ डॉलरांच्या वर होता, तो विभाजनाने सुमारे १२५ वर आला. तोपर्यंत डाऊ सरासरीत सर्वांत जड असलेली ही कंपनी एका दिवसात हलकी झाली, आणि तंत्रोद्योगाचे सरासरीतले वजन घटू नये म्हणून त्याच दिवशी सरासरीतल्या तीन कंपन्या बदलाव्या लागल्या. ज्या बाहेर गेल्या त्यांत एक्सॉन मोबिल ही जुनी तेलकंपनी होती. भाजक ०.१४६ च्या आसपास होता तो ०.१५२ झाला. ॲपल तितकीच मोठी राहिली होती. बदलले होते ते तिच्या शेअरचे माप.

आपल्या मुंबईचा निर्देशांक या आपत्तीतून वाचला, कारण तो उशिरा जन्मला. मुंबईचा दलालसंघ १८७५ सालचा, डाऊच्या सरासरीहूनही जुना; पण सेन्सेक्सची प्रसिद्धी सुरू झाली १ जानेवारी १९८६ पासून. १९७८-७९ हे वर्ष पायाभूत धरून त्या वर्षाची पातळी शंभर मानली. सेन्सेक्स हे सुटसुटीत नाव दीपक मोहोनी या बाजार-विश्लेषकांनी दिले. यात नुसत्या भावांची बेरीज नाही. प्रत्येक कंपनीचा भाव तिच्या शेअरसंख्येने गुणून तिचे बाजारमूल्य काढतात, तीस कंपन्यांच्या मूल्यांची बेरीज पायाभूत मूल्याने भागतात आणि शंभराने गुणतात. विभाजनाने भाव निम्मा होतो तसे शेअर दुप्पट होतात. गुणाकार तोच राहतो आणि निर्देशांकाला कळतही नाही. मात्र कंपनीने पैसे घेऊन नवे शेअर काढले किंवा एक कंपनी जाऊन दुसरी आली, तर बाजार न चढताच बेरीज वाढते. अशा वेळी पायाभूत मूल्य त्या प्रमाणात बदलून घ्यावे लागते. भाजकाची देखरेख येथेही आहेच, पण केवळ नोटा मोडल्याने ती करावी लागत नाही.

१ सप्टेंबर २००३ पासून यात आणखी एक सुधारणा झाली. प्रवर्तकांच्या मुठीतले, सहसा विक्रीला न येणारे शेअर वगळून केवळ बाजारात फिरणारे शेअरच वजनात धरले जाऊ लागले. कारण उघड आहे. ज्या कंपनीचे नव्वद टक्के शेअर मालकाच्या कपाटात आहेत तिचा भाव उरलेल्या दहा टक्क्यांच्या ओढाताणीतून ठरतो. त्या भावाने शंभर टक्के कंपनी मोजून निर्देशांकात वजन देणे म्हणजे विहिरीतून काढलेल्या एका घागरीच्या भावाने सगळी विहीर विकत घेण्यासारखे आहे. हा मालकाच्या कपाटाचा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण तिसऱ्या चिठ्ठीत तो पुन्हा भेटणार आहे.

स्वतंत्र भारतात पंचेचाळीस वर्षे नव्या शेअरची किंमत ठरवण्यात सरकारचा हात होता. १९४७ च्या भांडवल-उभारणी नियंत्रण कायद्यान्वये दिल्लीत एक नियंत्रक असे आणि कंपनीची मालमत्ता व मागील नफा पाहून तो अधिमूल्य किती घ्यावे ते ठरवी. ही किंमत बाजाराच्या मानाने बहुधा स्वस्त असे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा भारतीयांना विकावा लागला, तेव्हा असे स्वस्त शेअर ज्यांना सोडतीत लागले ते भाग्यवान ठरले. १९९२ साली हे नियंत्रण उठले आणि कंपनीने आपली किंमत आपणच सांगावी असे ठरले. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसने पंचाण्णव रुपयांना शेअर देऊ केला, तर पुरेसे घेणारेही मिळाले नाहीत! त्याच सुमारास कित्येक भुक्कड कंपन्यांनी मोठमोठी अधिमूल्ये घेतली आणि पुढे त्यांचा पत्ताही सापडला नाही. सांगितलेली किंमत दोन्ही बाजूंनी चुकत होती.

यावर तोडगा म्हणून १९९५ पासून 'बुक बिल्डिंग' ही पद्धत येथे आली. बुक म्हणजे बोलींची वही. आपल्या पेढ्यांवरच्या वहीहून ती फारशी निराळी नाही. समजा हजार शेअर विकावयाचे आहेत. तीनशे शेअरांसाठी ११० रुपयांच्या बोली आल्या, पाचशेंसाठी १०८ च्या, चारशेंसाठी १०५ च्या आणि नऊशेंसाठी १०० च्या. वही वरून खाली वाचत जावे. ११० ला तीनशे, १०८ पर्यंत आठशे, १०५ पर्यंत बाराशे. हजार शेअर १०५ ला पूर्ण खपतात, म्हणून तोडीची किंमत १०५. तिच्या वर बोलणाऱ्यांनाही शेअर १०५ लाच मिळतो. खाली बोलणारे बाद. या वहीने खरी किंमत सापडते ती केव्हा? बोली निरनिराळ्या असतील, बोलणाऱ्याला पैसे मोजावे लागतील आणि वर-खाली जायला मोकळीक असेल तेव्हा. जून २००३ मध्ये सरकारने मारुतीचे शेअर विकले, तेव्हा किमान किंमत ११५ सांगितली, वर मर्यादा नव्हती, आणि वही १२५ ला थांबली. ती पुष्कळशी खरी वही होती.

जानेवारी २००८ ची वही मात्र निराळी. सेन्सेक्सने त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एकवीस हजारांची रेषा ओलांडली होती. १५ ते १८ जानेवारीला रिलायन्स पॉवर या कंपनीची शेअरविक्री झाली. तिची वीजकेंद्रे अद्याप उभी राहावयाची होती. किंमतपट्टा ४०५ ते ४५० रुपये, किरकोळ गुंतवणूकदारांना वीस रुपये सूट. जे शेअर विकावयाचे त्याच्या सत्तर पटींहून अधिक मागणी आली; सात लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या बोली! वर्तमानपत्रांनी त्याला विक्रम म्हटले.

आता ही वही उघडून पाहू. मोठ्या संस्थांना त्या वेळच्या नियमाने बोलीच्या दहा टक्केच रक्कम अर्जासोबत भरावी लागे. शंभर रुपयांची बोली दहा रुपयांत लावता येई. शिवाय आपल्याला मागितल्याच्या सत्तराव्या हिश्श्याएवढेच मिळणार अशी अटकळ असेल, तर जाणता माणूस सत्तरपट मागणारच. पंक्तीत वाढपी एकदाच येणार असे कळले की पाहुणा चार पोळ्या एकदम मागतो, तसेच हे. त्यामुळे मागणीचा आकडा खऱ्या भुकेपेक्षा कितीतरी फुगलेला होता. किरकोळ अर्जदारांना तर 'जी तोडीची किंमत ठरेल ती मान्य' अशी खूण करण्याची सोय होती. ही खूण करणारा किंमत शोधण्याच्या कामात भागच घेत नाही. आणि पट्टाच ४०५ ते ४५० एवढा अरुंद असता, सत्तरपट मागणीत किंमत ४५० सोडून दुसरी निघणार कशी? तिसरी चिठ्ठी रागाने लिहिणाऱ्या गृहस्थांशी आम्ही येथे सहमत आहोत. त्या वहीने ४५० ही किंमत शोधली नाही. जी किंमत आधीच पट्ट्याच्या टोकाला लिहिलेली होती, तिच्यावर शिक्का मारला.

येथे आपला भाजक पुन्हा दिसतो. कंपनीचे एकूण शेअर २२६ कोटी, त्यांपैकी लोकांना विकलेले सुमारे २२.८ कोटी, म्हणजे शेकडा दहा. ४५० च्या भावाने सबंध कंपनीची किंमत झाली एक लाख कोटींच्या वर. सारी झुंबड होती दहा टक्क्यांसाठी, आणि तिच्यातून निघालेल्या भावाने शंभर टक्के मोजले गेले. अर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणी, 'अजून उभ्या न राहिलेल्या वीजकेंद्रांना एक लाख कोटी देऊ का?' असे स्वतःला विचारले असते तर ती झुंबड कदाचित निम्मी झाली असती. पण त्यांच्यापुढे आकडा होता ४५० चा, आणि सूट धरून ४३० चा.

विक्री शुक्रवारी संपली. सोमवारी, २१ जानेवारीला, सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळून १७,६०५ वर बंद झाला. ११ फेब्रुवारीला रिलायन्स पॉवरचा शेअर बाजारात आला. पहिला सौदा पाचशेच्या वर झाला, आणि दिवस संपला तेव्हा भाव होता ३७२ रुपये ५० पैसे. सत्तरपट मागणारे गेले कोठे? ते बहुतांशी नव्हतेच. पुढे त्याच वर्षी अर्जदाराची रक्कम त्याच्याच बँकखात्यात राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि २०१० पासून संस्थांनाही बोलीची पूर्ण रक्कम भरणे भाग पडले. फुगलेल्या वहीवरचा तो उतारा होता. तरी वाटपात कपात होणार हे दिसत असेल तर आजही फुगवटा येतोच. फक्त आता त्याला पैसे लागतात.

पण हकीकत येथे संपत नाही, आणि आमच्या मते तिचा सर्वांत रोचक भाग यापुढेच आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस कंपनीने पाच शेअरांमागे तीन बोनस शेअर जाहीर केले. बोनस म्हणजे विभाजनाचा सख्खा भाऊ. राखीव निधी भांडवलात वळवून जादा शेअर फुकट देतात. भाजक वाढतो, पोळी तेवढीच राहते. सर्वांना सारख्या प्रमाणात बोनस दिला असता तर या तोट्यात पडलेल्या लोकांना एका कवडीचाही लाभ झाला नसता. पाचाचे आठ झाले असते आणि भाव त्याच प्रमाणात उतरला असता. मात्र येथे प्रवर्तकांनी स्वतःला वगळले. लोकांचे २२.८ कोटी शेअर झाले सुमारे साडेछत्तीस कोटी. एकूण २२६ चे झाले २४० कोटींच्या जवळपास. लोकांचा हिस्सा रुपयात दहा पैशांचा होता तो पंधरा पैशांचा झाला. पोळी मोठी झाली नाही, पण ताटे बदलली गेली. मालकाच्या ताटातला तुकडा खरोखरच पाहुण्याच्या ताटात आला. दिसावयास विभाजनासारखी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात संपत्तीचे हस्तांतर होती. ती ओळखण्याची खूण एकच: नवे शेअर सर्वांना सारख्या प्रमाणात मिळाले की काहींनाच? सारखे असतील तर ती मोड. नसतील तर कोणाचे तरी गेले आणि कोणाला तरी मिळाले.

समजा एका किरकोळ अर्जदाराला पंधरा शेअर मिळाले होते. त्याने ४३० प्रमाणे ६,४५० रुपये मोजले. पहिल्या दिवसाअखेर त्यांची किंमत झाली ५,५८७ रुपये ५० पैसे. बोनसचे नऊ शेअर येऊन त्याच्याकडे झाले चोवीस, आणि प्रत्येकाचा खरेदीभाव पडला २६८ रुपये ७५ पैसे. वर्तमानपत्रांत हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला गेला. ज्याला आपला भाव ४३० वरून २६८ वर आल्याने नुकसान भरून निघाले असे वाटले, त्याने भाजकाचे गणित केले होते. त्याला अंशाचे गणित करावयाचे राहिले होते, कारण ती वीजकेंद्रे किती वीज कोणत्या दराने विकणार आणि त्यांना कोळसा किंवा वायू मिळणार का, याचा त्या आकड्यात पत्ताच नव्हता. २०२० साली त्या शेअरचा भाव दोन रुपयांच्याही खाली गेला होता. त्या भावाने त्या चोवीस शेअरांचे पन्नास रुपयेही आले नसते.